तळे, ठराव आणि कर्ता

लाजिरवाण्या चुकीबद्दल प्रामाणिकपणे लिहिणे किती अवघड असते, हे महाड-पोलादपूर परिसराचा इतिहास लिहिणाऱ्या स्थानिक लेखकाला चवदार तळ्यापाशी कळते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतच्या अस्पृश्यांनी या तळ्याचे पाणी प्यायले. त्याच दिवशी अस्पृश्य वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली, सवर्णांच्या जमावाने अस्पृश्यांच्या परिषदेसाठी महाडला आलेल्यांना मारहाण केली आणि पुढे पंचगव्याने तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले.

आपल्याच गावाची ही गोष्ट सांगताना लेखक बहुधा ‘काळच तसा होता’ या वाक्याचा आधार घेतो. हे वाक्य मात्र कागदपत्रांपुढे टिकत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता आणि त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेनेच १९२४ मध्ये ठराव करून तळे खुले केले होते. आपला हाच ठराव ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने रद्द केला. म्हणजे योग्य काय, हे गावाला ठाऊक होते, तसे लिहूनही झाले होते, आणि ते जाणूनबुजून मागे घेतले गेले; सबब नेमकी येथे संपते.

उलट टोकाला ‘आम्ही सारेच पापी’ असे लिहिणारा लेखक असतो. त्याची कळकळ खरी असली तरी या वाक्यात मारणारे आणि परिषदेला साथ देणारे सुरेंद्रनाथ टिपणीस किंवा अनंत चित्रे एकाच रांगेत बसतात. शिवाय वाचकाचे लक्ष मार खाल्लेल्या माणसांवरून उडून लेखकाच्या व्यथेवर जाते, आणि हा दोष अधिक गंभीर आहे.

मधली वाट वाक्यरचनेतूनच सापडते. ‘तळ्याचे शुद्धीकरण झाले’ या वाक्यात कर्ताच नाही. ‘महाडमधील सवर्णांनी तळे बाटले असे मानून त्याचे शुद्धीकरण केले’ असे लिहिले की कर्ता, कृती आणि तिच्यामागची समजूत तिन्ही उभी राहतात. ‘क्रूर’ किंवा ‘लज्जास्पद’ अशा विशेषणांची गरज त्यानंतर क्वचितच उरते.

शेवटी दुरुस्तीचा हिशेबही अचूक हवा. तळे खासगी असून अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी प्राचीन आहे, असा दावा काही सवर्णांनी डिसेंबर १९२७ मध्ये न्यायालयात दाखल केला. ती रूढी सिद्ध झाली नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. स्मरणिकेत हा निकाल अभिमानाने छापला जातो. तो गावाने दिला नव्हता, गावातल्याच काही सवर्णांनी नऊ वर्षे अस्पृश्यांविरुद्ध दावा लढवला होता, हेही त्याच पानावर छापले पाहिजे.