वीस वर्षं वापरलेली वाट शेजाऱ्याने अडवली, तर हक्क कुणाचा?

राज्याच्या महसूल विभागाने २२ मे २०२५ रोजी शेतरस्त्यांबद्दल शासन निर्णय काढला. शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा, त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात व्हावी आणि रस्त्याच्या अर्जांचा निकाल ९० दिवसांत लागावा, असं त्यात म्हटलं आहे. त्यानंतर रस्ता मागणाऱ्यांच्या आशा वाढल्या, आणि ज्यांच्या बांधावरून रस्ता जाणार त्यांची धाकधूकही वाढली. पण या निर्णयाच्या आधीचा एक प्रश्न बहुतेक वादांमध्ये तसाच अडकून पडलेला असतो. शेजाऱ्याच्या जमिनीतून जाणारी वाट किंवा पाइपलाइन हा तुमचा हक्क आहे, की त्याची मेहेरबानी?

कायद्यात या हक्काला 'सुविधाधिकार' म्हणतात आणि त्यासाठी १८८२ चा स्वतंत्र कायदा आहे. गावात याला 'वहिवाट' म्हणतात. घोटाळा इथूनच सुरू होतो, कारण जमीन कोण कसतो यालाही आपल्याकडे वहिवाटच म्हणतात. सुविधाधिकारात शेजाऱ्याची जमीन तुमच्या मालकीची होत नाही. तुमची जमीन नीट वापरता यावी म्हणून त्याच्या जमिनीतून जाण्याचा किंवा पाणी नेण्याचा, एवढ्यापुरताच हा हक्क असतो. तो माणसाला नव्हे, जमिनीला चिकटलेला असतो. म्हणून जमीन विकली गेली तरी तो सहसा टिकतो, आणि ज्याच्या जमिनीवर त्याचा भार आहे तिच्या नव्या मालकालाही तो पाळावा लागतो.

हे एका उदाहरणातून पाहू. समजा, दोन भावांची सहा एकरांची एकत्र जमीन आहे. १९९८ मध्ये वाटप झालं. डांबरी रस्त्याला लागून असलेले तीन एकर थोरल्याला मिळाले आणि मागचे तीन एकर धाकट्याला. विहीर पुढच्या तुकड्यात आहे. ती दोघांत निम्मी-निम्मी, असं वाटपपत्रात लिहिलं आहे. धाकट्याची बैलगाडी पुढच्या तुकड्यातून जायची आणि विहिरीवरून त्याची पाइपलाइनही तिथूनच मागे गेली होती. भावाभावांत कधी वाद झाला नाही. २०२१ मध्ये थोरल्याने आपला तुकडा बाहेरच्या माणसाला विकला. चार वर्षांनी त्या माणसाने तारेचं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं आणि "पाइप काढून घ्या" असा निरोप पाठवला.

धाकटा सांगतो, "सत्तावीस वर्षं जातोय." नवा मालक म्हणतो, "माझ्या खरेदीखतात रस्ता कुठे लिहिलाय?" गावात दोघांचंही म्हणणं लोकांना पटतं. कायद्याच्या दृष्टीने मात्र दोघंही अर्धवट बोलत आहेत.

नुसती वर्षं मोजून भागत नाही

दीर्घ वापरातून हक्क मिळवायचा असेल, तर कायद्याच्या कलम १५ नुसार सलग वीस वर्षं वापर झाला पाहिजे. तो शांततेने, उघडपणे, खंड न पडता आणि 'हक्क म्हणून' झालेला असावा लागतो. शिवाय वापराचा हा काळ दावा दाखल होण्याच्या आधीच्या दोन वर्षांत येऊन संपलेला हवा. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या वाटेवर आज या कलमाखाली दावा सांगता येत नाही.

यातली सगळ्यात अवघड अट आहे 'हक्क म्हणून'. शेजाऱ्याने "जा रे बाबा, आपलंच आहे" असं म्हणून जाऊ दिलं असेल, तर कायद्याच्या भाषेत ती परवानगी झाली, आणि परवानगीने तीस वर्षं चाललात तरी त्यातून सुविधाधिकार तयार होत नाही. अशी परवानगी सहसा मागेही घेता येते. मोठी विचित्र गोष्ट आहे ही: शेजारी जितका चांगला, तितका तुमचा हक्क कच्चा. आपल्या उदाहरणातला थोरला भाऊ साक्षीला आला आणि "भाऊ म्हणून जाऊ देत होतो" एवढं बोलला, तर धाकट्याची सत्तावीस वर्षं डळमळीत होतात.

२० फुटी रस्त्याच्या एका वादात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये नेमका हाच धडा दिला. रस्त्यावर हक्क सांगणाऱ्यांनी दाव्यात 'अनेक वर्षांपासून वापर' असं लिहिलं होतं. वीस वर्षांचा सलग वापर त्यांना ना नीट मांडता आला, ना सिद्ध करता आला. त्यांच्या खरेदीखतात रस्त्याचा उल्लेख होता. पण ज्याने जमीन विकली त्याच्याकडेच तो हक्क सिद्ध नसेल, तर तो पुढे कसा देणार? जाण्यासाठी दुसरी वाटही होती, लांबची असली तरी. त्यामुळे 'गरजेचा हक्क' हा मुद्दाही टिकला नाही आणि ते हरले. म्हणून वकिलाकडे जाताना 'पूर्वापार' हा शब्द घरी ठेवलेला बरा. कोणत्या वर्षापासून, कोणत्या वाहनाने, कुठून कुठे, हे सांगता आलं पाहिजे.

वाटपातून मिळणारा हक्क जास्त भक्कम

धाकट्याच्या हातात मात्र वीस वर्षांपेक्षा चांगला मुद्दा आहे. कलम १३ सांगतं की एकत्र जमिनीचं वाटप झालं आणि एका हिश्श्याचा उपभोग दुसऱ्या हिश्श्यातून गेल्याशिवाय घेताच येत नसेल, तर तो हक्क वाटपाबरोबरच मिळतो. इथे वीस वर्षं मोजायची गरज नाही. कुणी परवानगी दिली होती का, हा प्रश्नही इथे अडसर ठरत नाही. मागच्या तीन एकरांना दुसरी वाट नव्हती, हे १९९८ च्या परिस्थितीवरून दाखवलं की पुरे. वाट नेमकी कुठून द्यायची, हे ठरवण्याचा पहिला मान पुढच्या जमिनीच्या मालकाला असतो, पण ती वाट मागच्याला वाजवी सोयीची असायला हवी.

पण गरजेतून आलेला हक्क गरज संपली की संपतो. समजा, मागच्या बाजूने पाणंद रस्ता झाला आणि धाकट्याच्या शेताला लागला, तर नवा मालक "आता तिकडून जा" असं म्हणू शकतो. त्याच्या उलट, वाटपपत्रात 'पुढच्या गटातून दहा फुटी रस्ता' असं स्पष्ट लिहून दिलं असेल, तर तो गरजेचा नव्हे, लेखी दिलेला हक्क ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केलंय की असा लेखी हक्क दुसरी वाट निघाली म्हणून आपोआप बुडत नाही. वाटपाच्या वेळी एक ओळ जास्त लिहून घेतली, तर पुढच्या पिढीचा केवढा त्रास वाचतो, ते यातून दिसतं.

ट्रॅक्टरचा प्रश्न वेगळाच आहे. एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारचा हक्क येत नाही, असं कलम २८ म्हणतं. पायवाटेचा हक्क सिद्ध झाला म्हणून तिथून हार्वेस्टर नेता येईलच असं नाही. धाकट्याची बैलगाडी जात होती, त्यामुळे त्याची बाजू पायवाटवाल्यापेक्षा बरी आहे, पण रुंदी वाढवून मागताना त्याला सुविधाधिकाराच्या बाहेर, महसूल कायद्याकडे बघावं लागेल.

पाइपलाइनचं काय?

विहिरीतला निम्मा हिस्सा हा सुविधाधिकार नाही, ती मालकी आहे. नव्या मालकाने विहिरीसह जमीन घेतली असली, तरी थोरल्याकडे निम्मीच विहीर होती, त्यामुळे त्याला निम्मीच मिळाली. सुविधाधिकाराचा प्रश्न येतो तो विहिरीपासून बांधापर्यंतच्या पाइपचा. लाइन वाटपाच्या आधीपासून होती आणि नीट पाहणी केल्यावर तिच्या खुणा दिसत होत्या, हे दाखवता आलं तर बाजू मजबूत होते.

पाइप फुटला, तर दुरुस्तीसाठी शेजाऱ्याच्या जमिनीत जाऊन खणता येतं. पण काम झाल्यावर जमीन होती तशी करून द्यावी लागते. दुरुस्तीचा खर्च शेजाऱ्यावर टाकता येत नाही.

लाइन आधीपासून नसेल आणि नव्याने टाकायची असेल, तर सुविधाधिकाराचा उपयोग नाही. त्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ४९ आहे. शेजारी तयार नसेल, तर तहसीलदार चौकशी करून पाणी नेण्याची परवानगी देऊ शकतात. शेजाऱ्याचं कमीत कमी नुकसान होईल अशा मार्गाने, आणि भरपाई देऊन. जमिनीखालचा पाइप किमान अर्धा मीटर खोल हवा, म्हणजे वरून नांगरट करता येते.

फाटकाला कुलूप लागल्यावर

पहिली गोष्ट, तार स्वतः तोडू नका. हक्क खरा असला तरी अडथळा आपल्या हाताने काढण्याची मुभा कायदा देत नाही. कलम ३६ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. तार तोडली की रस्त्याच्या वादाची फौजदारी तक्रार होते आणि तुम्ही आरोपी होता.

चालू रस्ता किंवा शेतीच्या पाण्याचा वापर अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे जाता येतं. ही वाट त्यातल्या त्यात लवकरची आहे, पण मुदत कडक आहे: अडवल्यापासून सहा महिने. अनेक जण गावकीच्या बैठकांमध्ये ती घालवून बसतात. रस्ता नव्हताच आणि बांधावरून हवा आहे, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली अर्ज करायचा. हे कलम बांधावरच्या वाटेसाठी आहे. शेजाऱ्याच्या शेताच्या मधोमध रस्ता त्यातून मागता येत नाही. इथे तहसीलदारांचा निकाल पटला नाही, तर एका वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. आणि 'हा माझा सुविधाधिकार आहे' असं कायमचं ठरवून हवं असेल, तर दिवाणी न्यायालयच गाठावं लागतं.

आपल्या उदाहरणातल्या धाकट्याने कुठे जावं? रस्ता चालू होता आणि अडवला गेला, म्हणून सहा महिन्यांच्या आत आधी तहसीलदारांकडे, आणि सोबत वाटपातून मिळालेल्या हक्काचा दिवाणी दावा. कागद म्हणून वाटपपत्र, दोन्ही गटांचे जुने सातबारे, विहिरीच्या हिश्श्याची नोंद आणि गाव नकाशा. नकाशात जुन्या गाडीवाटा आणि पायवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. पंपाची जुनी वीजबिलंही कामाला येतात, कारण पाणी कधीपासून मागे जातंय हे त्यावरून दिसतं.

कुंपण पाहून गप्प बसणं मात्र महागात पडू शकतं. वीस वर्षांच्या वापराच्या दाव्यात, अडथळा माहीत असूनही वर्षभर मुकाट्याने सहन केला, तर कायदा तो खरा खंड मानतो. नोटीस, तहसीलदारांकडचा अर्ज किंवा पोलिसांकडे दिलेली लेखी तक्रार, यांपैकी तारखेसह काहीतरी हातात असेल तर 'सहन केलं' असं समोरच्याला सहज म्हणता येत नाही.