धुरीने कीड मरते, कात उरते

उंझ्याच्या बाजारपेठेतील जिरे मुंद्रा बंदरातून ऑस्ट्रेलियाला निघते, तेव्हा त्याच्यासोबत दोन महत्त्वाची प्रमाणपत्रे जातात. धुरी देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र सांगते की मालावर वायूचा उपचार झाला. केंद्राच्या वनस्पती संरक्षण यंत्रणेचे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र हमी देते की तपासलेल्या नमुन्यांत नको असलेली कीड नाही. या दोन विधानांत अंतर आहे आणि माल अनेकदा त्याच अंतरात अडकतो.

ऑस्ट्रेलियाला धास्ती आहे ती खापरा भुंगेऱ्याची. त्याच्या अळ्या गोदामाच्या भेगांत आणि कंटेनरच्या फळ्यांखाली अन्नावाचून दीर्घकाळ सुप्त राहतात. त्या अवस्थेत वायूचाही त्यांच्यावर परिणाम कमी होतो. म्हणूनच तेथील अट कठोर आहे. मिथाइल ब्रोमाइड दर घनमीटरला 80 ग्रॅम, तापमान किमान 21 अंश सेल्सियस आणि कालावधी 48 तास. शेवटच्या मोजणीतही वायू 20 ग्रॅमखाली उतरलेला चालत नाही.

जानेवारीतील एक कंटेनर डोळ्यांसमोर आणू. इतर मालाच्या सवयीने त्याला 48 ग्रॅमची मात्रा 24 तास दिली गेली, रात्री पारा 14 अंशांवर आला, पण कागदावर 21 अंश लिहिले गेले. मात्रा आणि कालावधी पाहूनच तो कागद नाकारला जाईल. तापमानाची खोटी नोंद कदाचित निभावेल, पण कीड जिवंत राहील.

आता समजू की उपचार अगदी नियमाप्रमाणे झाला. तरीही पोत्याच्या शिवणीत अळीने टाकलेली एक कात सापडली, तर माल अडकू शकतो. कारण फायटोसॅनिटरी प्रमाणपत्रावरील जादा घोषणेत जिवंत कीड, मृत कीड आणि कात या तिन्हींपासून मुक्ततेची हमी द्यावी लागते. धुरी किडीला मारते, तिचे अवशेष झाडून नेत नाही. ते काम चाळणीचे, नव्या पोत्यांचे आणि स्वच्छ गोदामाचे.

असा माल परतला की आपल्याकडे बोट धुरी देणाऱ्याकडे वळते आणि परवाना निलंबित होतो. ही कारवाई आवश्यक असेल, पण ती साखळीच्या शेवटच्या कडीवरची आहे. रिकामा कंटेनर माल भरण्यापूर्वी तपासला जावा. तापमान आणि वायूची नोंद हाताने नव्हे, उपकरणाने व्हावी आणि ती नोंद पाहूनच अधिकाऱ्याने सही करावी. छोट्या निर्यातदाराला हा खर्च जड जाईल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून ही सोय बंदराजवळ सामायिक आणि सरकारी साहाय्याने उभी राहायला हवी. परदेशी बंदरातून परतलेला एक कंटेनर त्याच निर्यातदाराला याहून कितीतरी महाग पडतो.