पंचवीस पुस्तकांचं पत्र

बारवी धरणाकडच्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींनी ग्रंथालयासाठी लिहिलेलं आवाहन मला तपासायला दिलं. सुरुवात होती, ‘तुम्ही एका पिझ्झावर जेवढे उडवता, तेवढ्यात…’ बदलापूर-अंबरनाथहून लोकलला लटकत कामाला जाणाऱ्या माणसाला सकाळी सकाळी हा टोमणा कशाला? अपराधी वाटलेला माणूस एकदा शंभराची नोट देऊन सुटतो, पुढच्या वर्षी मात्र फोन उचलत नाही. म्हणून पहिला परिच्छेद सरळ काढला आणि गुरुजींनी तोंडी सांगितलेलं तिथे घातलं: कपाट गावच्या सुताराने फुकट दुरुस्त केलं, शनिवारी चौथीतल्या मुली देवघेवीची वही सांभाळतात, आणि चित्रांची पुस्तकं हाताळून इतकी फाटली की आता चिकटपट्टीवर तगून आहेत. मग मागणी: साठ रुपयांचं एक अशी पंचवीस पुस्तकं, म्हणजे पंधराशे रुपये, कव्हराचे दीडशे वेगळे. एका पुस्तकाचे साठ दिले तरी चालतील, हेही लिहिलं. पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात, गुरुजींच्या खिशात नाहीत. ‘जुनी पुस्तकं द्या’ हे वाक्य मी हट्टाने खोडलं, नाहीतर उल्हासनगरच्या माळ्यांवरचे दहावीचे गाईड पोत्यांनी येतात आणि ते रद्दीत घालायचं भाडंही शाळेलाच पडतं. गुरुजींना फाटक्या गणवेशातल्या पोराचा फोटो हवा होता. त्याऐवजी देवघेवीच्या वहीचं एक पान छापलं, मुलांची नावं झाकून. एकच पुस्तक सात जणांनी नेल्याची नोंद त्यात होती.