पार्किंग ब्रेकचा दिवा आणि उतरलेली बॅटरी



आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी गेल्या काही वर्षांत नवी गाडी आली आणि दोन सीटांच्या मधला तो हातानं ओढायचा हँडब्रेक नाहीसा झाला. त्या जागी बोटाएवढं एक बटण आलं. 2017 मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावात बनू लागलेल्या जीप कंपासमध्ये ते होतं, 2020 च्या क्रेटाच्या वरच्या मॉडेलांत आलं, आणि आता तर मधल्या किमतीच्या गाड्यांतही दिसतं. रोजच्या वापरात हे बटण फार सोयीचं. पण बॅटरी पूर्ण उतरली की गाडी जागेवरून हलत नाही आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, "आमच्या वेळी ढकलून सुरू व्हायची की!" आजच्या सदरात याच ब्रेकबद्दल: त्याचा दिवा काय सांगतो आणि बॅटरी नसताना तो सोडवायचा कसा.

आधी आत काय आहे ते पाहू. बहुतेक गाड्यांत मागच्या दोन्ही चाकांच्या ब्रेक कॅलिपरवर एक-एक छोटी मोटर बसवलेली असते. बटण ओढलं की मोटर गिअरमधून एक स्क्रू फिरवते, स्क्रू पिस्टनला पुढं ढकलतो आणि ब्रेक पॅड डिस्कला आवळून धरतात. या स्क्रूच्या आट्या अशा असतात की मोटर थांबली तरी तो उलटा फिरत नाही. म्हणजे ब्रेक धरून ठेवायला वीज लागत नाही. वीज लागते ती फक्त लावताना आणि सोडताना, तीही साधारण एक-दोन सेकंद. त्यामुळे बॅटरी मेली की ब्रेक ज्या अवस्थेत होता त्याच अवस्थेत राहतो. लावलेला असेल तर लागलेलाच, आणि सुटलेला असेल तर सुटलेलाच. ही दुसरी बाजू लोक विसरतात. ब्रेक न लावलेली गाडी उतारावर असताना बॅटरी गेली, तर बटण ओढून काही होणार नाही; चाकाखाली दगडच लावायला हवा.

आता दिव्यांकडे येऊ. डॅशबोर्डवर गोलात इंग्रजी ‘पी’ आणि दोन्ही बाजूंना कंस, हा लाल दिवा स्थिर पेटला असेल तर ब्रेक लागलेला आहे, बिघाड नाही. तोच दिवा लुकलुकत राहिला, तर बहुतेक गाड्यांत अर्थ असा की ब्रेक पूर्ण लागला किंवा सुटला याची गाडीला खात्री नाही. पिवळा दिवा पेटला तर या यंत्रणेत दोष नोंदवला गेलाय. आणि गोलात उद्गारचिन्ह असलेला लाल दिवा ब्रेक सुटल्यावरही जात नसेल, तर बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी खालच्या खुणेच्या वर आहे का ते बघा. खाली असेल तर गाडी चालवू नका. नेमका रंग आणि लुकलुकणं कंपनीगणिक थोडं बदलतं, म्हणून गाडीच्या पुस्तकातलं ते एक पान एकदा वाचून ठेवा.

बॅटरी अशक्त झाली की हे दिवे फसवतातही. स्टार्टर फिरवताना बॅटरीचं व्होल्टेज 9-10 च्या खाली गेलं की गाडीतले छोटे संगणक बिचकतात, आणि पार्किंग ब्रेक, एबीएस, स्टिअरिंग असे चार-पाच पिवळे दिवे एकदम पेटतात. चार यंत्रणा एका सकाळी एकदम बिघडत नाहीत. त्या सगळ्यांना समान असलेली गोष्ट म्हणजे वीज. बॅटरी नीट झाल्यावर आणि थोडं अंतर चालवल्यावर सगळे दिवे विझले तर दोष बॅटरीचाच होता. बाकीचे विझून फक्त पार्किंग ब्रेकचा पिवळा राहिला, तर आधी ब्रेक बटणानं एकदा लावून सोडून बघा. काही गाड्यांना वीज गेल्यानंतर आपली जागा पुन्हा ओळखायला तेवढंच हवं असतं. तरीही राहिला तर मोटर किंवा तिची वायर तपासायला हवी.

आता निपाणीतलं एक उदाहरण बघू. माझ्या मावसभावानं आपली ऑटोमॅटिक गाडी निपाणीच्या घरी पोर्चमध्ये लावली आणि आठवडाभर बाहेरगावी गेला. गाडीत डॅशकॅम होता आणि तो थेट बॅटरीला जोडलेला, गाडी बंद असतानाही चालू. परत आल्यावर त्याचा फोन आला, "दादा, गाडी उघडंनाच झालीय रे!"

हिशेब सोपा आहे. असा कॅमेरा पाव अँपिअर खातो म्हटलं तरी दिवसाला 6 अँपिअर-तास. गाडीची स्वतःची झोपेतली भूक दिवसाला सुमारे 1. म्हणजे 7. बॅटरी 45 अँपिअर-तासांची, पण तीन वर्षांची जुनी, म्हणजे खरी ताकद 35 च्या आसपास धरा. पाच दिवसांत संपली. मल्टिमीटर लावला तेव्हा 9.4 व्होल्ट दाखवत होता. भरलेली बॅटरी 12.6 दाखवते आणि 11.8 च्या खाली ती रिकामीच समजायची.

पहिली पायरी, दार. रिमोटच्या पोटात एक छोटी साधी किल्ली असते. हँडलजवळच्या छिद्रात ती घालून दार उघडतं. मग बॉनेट.

दुसरी पायरी, वीज कुठून आणायची. शेजारच्या ट्रकवाल्या काकांनी आपुलकीनं केबल पुढं केली. इथं थांबायचं. मोठ्या ट्रकची आणि बसची वीज 24 व्होल्टची असते. ती 12 व्होल्टच्या गाडीला जोडली तर आतले संगणक जळू शकतात आणि तो खर्च नव्या बॅटरीच्या कितीतरी पट. हायवेवर मदतीला सगळ्यांत आधी ट्रकवालेच थांबतात, म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा. आपल्याकडच्या शेतातला ट्रॅक्टर मात्र साधारणपणे 12 व्होल्टचाच असतो; तरी त्याच्या बॅटरीवरचा आकडा वाचून घ्या. आम्ही ट्रॅक्टरच वापरला.

तिसरी पायरी, जोडणी. लाल केबल आधी मेलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला, आणि तिचं शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनाच्या रंग नसलेल्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघत असतो, म्हणून हा क्रम. काढताना बरोबर उलटा क्रम.

चौथी पायरी, दहा मिनिटं थांबणं. केबल लावली आणि लगेच स्टार्टर दाबला तर गाडी फक्त टकटक करते. थोडा वेळ दिला की मेलेली बॅटरी थोडी भरते.

पाचवी पायरी हीच या लेखातली मुख्य गोष्ट. इंजिन सुरू करायला स्टार्टर शेकडो अँपिअर मागतो. पार्किंग ब्रेकच्या मोटरी त्या मानानं फारच कमी मागतात, तेही एक-दोन सेकंद. म्हणून इंजिन सुरू होण्याइतकी वीज नसली तरी ब्रेक सोडण्याइतकी असू शकते. ब्रेक पेडल दाबा, इग्निशन चालू करा, पार्किंग ब्रेकचं बटण खाली दाबा आणि मागच्या चाकांकडे कान द्या. दोन्ही बाजूंनी ‘घर्र’ असा आवाज आला आणि लाल दिवा विझला की ब्रेक सुटला. त्यानंतर केबल काढली तरी तो सुटलेलाच राहतो. आवाजच आला नाही तर वीज पोचत नाहीय. आवाज आला, दिवा विझला, तरी चाक हलत नाही, तर पॅड गंजानं डिस्कला चिकटलेत. आंबोलीला भिजलेली गाडी चार दिवस उभी राहिली की असं होतं. इंजिन सुरू झाल्यावर हळूच पुढं-मागं केलं की ‘टक’ करून सुटतात.

आमच्या बाबतीत इंजिनही सुरू झालं. झालं नसतं तरी गाडी पोर्चबाहेर ढकलता आली असती, पण त्याआधी एक कुलूप उरतं. ऑटोमॅटिक गाडीत गिअर पार्कमध्ये असतो आणि तिथून काढायलाही वीज लागते. लिव्हर असलेल्या बऱ्याच गाड्यांत लिव्हरजवळ एक छोटं झाकण असतं. ते काढून आत किल्लीचं टोक दाबलं की लिव्हर न्यूट्रलला येतो. ब्रेक आणि गिअर ही दोन वेगळी कुलुपं आहेत, दोन्ही उघडावी लागतात.

उतारावर मात्र हे करू नका. तवंदी घाटात बॅटरी गेलीय आणि इंजिन बंद ठेवून तुम्ही ब्रेक सोडलात, तर पेडल एक-दोनदा दाबल्यावर दगडासारखं कडक होतं आणि स्टिअरिंगही जड होतं. तिथं आधी चाकांना दगड, मग वीज, इंजिन सुरू झालं तरच ब्रेक सोडायचा.

वीज मिळतच नसेल तर? जुन्या काही गाड्यांत केबलनं ओढला जाणारा इलेक्ट्रिक ब्रेक होता आणि हातानं सोडायला आत एक दोरी किंवा हत्यार असायचं. आताच्या कॅलिपरवरच्या मोटरीला तशी सोय नसते. मेकॅनिक चाक काढतो, मोटरचे स्क्रू सोडून ती बाजूला करतो आणि आतला स्क्रू हातानं उलटा फिरवतो. दोन्ही चाकांना तेच, आणि नंतर यंत्रणा स्कॅनरनं पुन्हा जुळवावी लागते. हे रस्त्याकडेला स्वतः करायचं काम नाही. टोइंगवाल्याला फोनवरच सांगा, "मागची चाकं लॉक आहेत, फ्लॅटबेड पाठवा." नुसती पुढची चाकं उचलून ओढली तर मागचे टायर रस्त्यावर घासून जातात.

इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्यांनाही हे लागू आहे. खालची मोठी बॅटरी 80 टक्के भरलेली असली तरी ब्रेक, दार आणि स्क्रीन वेगळ्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. ती मेली की गाडी तशीच अडकते, आणि उपाय तोच: बाहेरून 12 व्होल्ट. फक्त इलेक्ट्रिक गाडीवरून दुसऱ्याची गाडी सुरू करून द्यायला बऱ्याच कंपन्या मनाई करतात.

मावसभावानं नंतर दोन गोष्टी केल्या. कॅमेऱ्याची वायर इग्निशनबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजला जोडली, आणि एक छोटा जम्प स्टार्टर घेतला. तो मात्र त्यानं डिकीत ठेवला नाही, घरात ठेवलाय. कारण बॅटरी मेली की त्याच्या गाडीची डिकीही बटणानं उघडत नाही.

पुढच्या महिन्यात भेटूच.