बोटाआधी रक्कम ऐकू यायला हवी

दिवाळ्याच्या मासळी बाजारात आज बहुतेक कोळणींच्या पाटीशेजारी एक छोटी पेटी दिसते. गिऱ्हाइकाने मोबाईलवरून पैसे पाठवले की ती मोठ्याने रक्कम सांगते. कोळीण मासळी कापत असते, हात खवल्यांनी भरलेले असतात, फोनकडे बघायला सवड नसते. तरी दोनशेच्या जागी वीस आले तर तिला तिथल्या तिथे कळते. या स्वस्त पेटीने पैसे घेणाऱ्याची सोय केली. पण तीच कोळीण म्हातारी झाली, नजर गेली, घराबाहेर पडणे बंद झाले आणि बँकेचा माणूस पैसे घेऊन तिच्या दारात आला, तर त्याच्या हातातले यंत्र मुके असते. निदान माझ्यासमोर जे आले ते होते.

मी बेलापूरला राहतो, सॉफ्टवेअरचे काम करतो. दिवाळे गावातल्या ओळखीच्या एका कोळी कुटुंबातल्या आजी ७८ वर्षांच्या आहेत. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, गुडघे धरले आहेत आणि कोळीवाड्याच्या गल्लीत रिक्षा आत येत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये त्यांच्या खात्यात जमा होतात. घरपोच बँकिंग मिळते का, असे त्यांच्या सुनेने मला विचारले. म्हटले तर अर्ध्या तासाचे काम होते. प्रत्यक्षात दोन महिने लागले.

नियम मात्र स्पष्ट आहे. ९ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले की ७० वर्षांवरील नागरिकांना, तसेच दृष्टिहीनांसह अपंग आणि आजारी खातेदारांना, रोख पोचवणे, रोख आणि चेक घेऊन जाणे, केवायसीची कागदपत्रे आणि हयातीचा दाखला स्वीकारणे या सोयी घरी द्याव्यात. ३१ मार्च २०२० ला पुन्हा बजावले. त्यात एक फट मात्र राहिली. कोणत्या शाखांत ही सेवा सक्तीची आणि कुठे ‘जमेल तशी’, हे बँकेच्या संचालक मंडळाने ठरवायचे. पण ते धोरण जाहीर करणे बँकेवर बंधनकारक आहे. म्हणून शाखेत ‘आमच्याकडे असे काही नाही’ हे उत्तर मिळाले तर वाद न घालता एवढेच विचारावे: ही शाखा कोणत्या यादीत आहे, ते लेखी द्या. हा प्रश्न विचारल्यावर आवाज बदलतो, हा आमचा अनुभव आहे.

सरकारी बँकांनी २०२० पासून मिळून एक सामाईक व्यवस्था चालवली आहे. टोल-फ्री क्रमांकावर किंवा ॲपवर मागणी नोंदवायची, बँकेला खात्याशी जोडलेल्या मोबाईलवर एसएमएसने एक सेवा-कोड येतो, घरी आलेल्या प्रतिनिधीकडचा कोड त्याच्याशी जुळला की मगच व्यवहार करायचा. घरात शिरणारा माणूस खरा की तोतया हे ओळखायची ही चांगली पद्धत आहे. पण तिच्यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत: मोबाईल खातेदाराचा आहे, आणि खातेदार एसएमएस वाचू शकतो.

आजींच्या खात्याला जोडलेला नंबर त्यांच्या दिवंगत यजमानांचा होता आणि ते सिमकार्ड केव्हाच बंद पडले होते. नंबर बदलायचा तर खातेदाराने शाखेत यावे, असे शाखेने सांगितले. म्हणजे शाखेत जाता येत नाही म्हणून घरपोच सेवा हवी, आणि घरपोच सेवा हवी म्हणून शाखेत जायचे. यातून वाट काढली ती एका जुन्या नियमाने. आजारी किंवा वृद्ध खातेदाराला सही करता येत नसेल तर अंगठ्याचा ठसा चालतो, हातांनी जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचासुद्धा. त्याला दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. आम्ही वैद्यकीय दाखला जोडून ‘ठसा घेण्यासाठी अधिकारी घरी पाठवावा’ असा अर्ज दिला. पहिल्या अर्जावर काही झाले नाही. दुसऱ्या अर्जाची पोच शिक्क्यासह घेतली, तेव्हा एक अधिकारी जेवणाच्या सुट्टीत चालत आले. दहा मिनिटांत नंबर बदलला. घरपोच येणारा प्रतिनिधी हे करू शकला नसता, कारण तो बाहेरच्या एजन्सीचा नोकर असतो, बँकेचा अधिकारी नव्हे. हा फरक लक्षात ठेवावा: रोख आणायला प्रतिनिधी पुरतो, ठशावर साक्ष द्यायला अधिकारीच लागतो.

नवा नंबर सुनेचा दिला, कारण आजींकडे फोन नाही. तेव्हा सेवा-कोड वाचणारी सूनच. इथे सून प्रामाणिक आहे. पण बँकेची व्यवस्था सुनेच्या चांगुलपणावर उभी असावी का?

प्रतिनिधी ठरल्या दिवशी आला, सभ्य होता. कोड जुळला. त्याने छोट्या यंत्रावर आजींचा आधार क्रमांक टाकला, बँक निवडली, रक्कम टाकली आणि बोट ठेवायला सांगितले. तीनदा नापास. चाळीस वर्षे बर्फ, मीठ आणि मासळीचे काटे हाताळलेल्या बोटांवर रेषा उरत नाहीत. भिवंडी-मालेगावात यंत्रमागावर जन्म घालवलेल्यांनाही हाच त्रास होतो. अशा वेळी ठसा जुळत नाही की बंदच केलेला आहे, हे आधी तपासावे. आधार प्रणालीत ही दोन वेगळी उत्तरे आहेत: `300` म्हणजे ठसा जुळला नाही, `330` म्हणजे धारकाने बायोमेट्रिक लॉक केले आहे. ठशांवरून पैसे काढण्याच्या फसवणुकी गाजल्यानंतर अनेक मुलांनी आईवडिलांचे ठसे लॉक केले आणि नंतर विसरून गेले. तसे असेल तर `mAadhaar` ॲपवर तात्पुरते उघडता येते. आजींचे लॉक नव्हते. मग हात कोमट पाण्याने धुऊन पुसले आणि प्रतिनिधीला म्हटले, अंगठाच कशाला, आधारमध्ये दहाही बोटे नोंदलेली असतात, एकेक करून बघा. डाव्या हाताची अनामिका चालली. ते बोट आता सुनेने कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे. एकही बोट चालले नसते तर आधारचे ठसे नव्याने घ्यावे लागले असते. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आधार प्राधिकरण ते कामही शुल्क घेऊन घरी येऊन करते.

यंत्राने पावती छापली. प्रतिनिधीने पाचशेच्या सहा नोटा आजींच्या हातात दिल्या. त्या म्हणाल्या, “बोट मी दिलं रे पोरा, पन किती काढलं तं मला कसं कलंल?”

प्रश्न बरोबर होता, आणि त्याचे तांत्रिक उत्तर बेचैन करणारे आहे. ठशात रक्कम नसते. बोट ठेवल्यावर आधारकडे जो प्रश्न जातो तो एवढाच: हे बोट या क्रमांकाच्या माणसाचे आहे का? उत्तर हो किंवा नाही. रक्कम जोडतो तो प्रतिनिधीच्या यंत्रातला व्यवहार. डोळस माणूस पडद्यावर ‘३०००’ बघून बोट ठेवतो, म्हणजे संमती त्याच्या डोळ्यांत असते. ज्याला दिसत नाही त्याने दिलेले बोट म्हणजे कोऱ्या कागदावरचा अंगठा. कोऱ्या कागदावरच्या अंगठ्यांनी जमिनी कशा गेल्या हे नवी मुंबईतल्या जुन्या गावांना समजावून सांगायला नको. व्यवहारानंतरचा एसएमएस सुनेच्या फोनवर येतो, तोही बोट दिल्यानंतर. डेबिट कार्डाचा पर्याय आहे, पण तिथे पिन स्वतः दाबता आला नाही तर तो प्रतिनिधीला सांगावा लागतो. ते त्याहून वाईट.

नोटांचीही तीच गत आहे. नव्या मालिकेत पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब आणि दोनशेची १४६. रुंदी दोघींची सारखीच, ६६. चार मिलिमीटरचा फरक थरथरत्या बोटांनी ओळखायचा. कडेला उठावाच्या रेषा आहेत, पाचशेवर पाच आणि दोनशेवर चार, त्यांत दोन वर्तुळे. कोऱ्या नोटेवर त्या लागतात, वापरलेल्या नोटेवर झिजून जातात. रिझर्व्ह बँकेचे ‘मनी’ हे ॲप १ जानेवारी २०२० पासून आहे, कॅमेऱ्यापुढे धरलेली नोट कितीची ते बोलून सांगते, पण त्यालाही स्मार्टफोन लागतो. आम्ही तोडगा काढला: मागणी नोंदवतानाच सगळ्या नोटा एकाच किमतीच्या मागायच्या. मग फक्त मोजायचे राहते आणि मोजण्यात आजी आमच्यापेक्षा तरबेज आहेत.

माझी मागणी मोठी नाही. यंत्राने बोट मागण्याआधी खातेदाराच्या भाषेत रक्कम मोठ्याने सांगावी, आणि व्यवहार झाल्यावर काढलेली व उरलेली रक्कम पुन्हा सांगावी. बोलणारे एटीएम देशात २०१२ पासून आहेत आणि १ जुलै २०१४ नंतरची सगळी नवी एटीएम बोलकी आणि ब्रेल कळांची असावीत असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. जे एटीएम आजी कधी गाठू शकणार नाहीत त्याने बोलायचे आणि त्यांच्या दारात येणाऱ्या यंत्राने गप्प राहायचे, याला काय म्हणावे! सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ ला, ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन अर्जदारांच्या याचिकांवर, डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तो खटला केवायसीचा होता, पण पापणी लवत नाही म्हणून खाते नाकारणे आणि न ऐकवता बोट घेणे यांत मला तत्त्वाचा फरक दिसत नाही.

एक आक्षेप रास्त आहे. मोठ्याने सांगितलेली शिल्लक घरातल्या इतरांनाही ऐकू जाईल, आणि सगळ्याच घरांत ते सुरक्षित नसते. म्हणून यंत्राला इअरफोनची जागा हवी, आणि शिल्लक ऐकायची की नाही हे खातेदाराने सांगावे. ज्यांना ऐकूही येत नाही त्यांच्यासाठी यातले काहीच पुरत नाही. तिथे अधिकाऱ्याने घरी येणे हाच मार्ग राहतो.

खर्चाचेही बोलायला हवे. एका भेटीचे शुल्क बँकेनुसार बदलते, आजींना कर धरून शंभरच्या आत पडले. पगारदाराला ते काहीच नाही. १५०० रुपयांतून दरमहा तेवढे देणे मात्र जड आहे, म्हणून त्या दोन महिन्यांचे एकदम काढतात. पोस्टमनचा पर्यायही विचारून ठेवावा: इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत तो आधार जोडलेल्या कोणत्याही बँकेच्या खात्यातून घरी रोख देऊ शकतो. यंत्र त्याचेही ठशावरच चालते.

बोलक्या यंत्राच्या मागणीचा अर्ज आजींच्या अंगठ्यानिशी शाखेत दिला आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर तो `cms.rbi.org.in` वर लोकपालाकडे जाईल. अर्ज त्यांना दोनदा वाचून दाखवला. ठसा देण्याआधी त्यांनी एक दुरुस्ती सांगितली: ‘मराठीत’ हा शब्द घाला.