आपुलकी कुठे संपते, सलगी कुठे सुरू होते?

एका घरातील प्रसंग सांगतो. गृहस्थांचे वय ७६. पत्नीला जाऊन तीन वर्षे झालेली. गुडघ्याच्या सांधेबदल शस्त्रक्रियेनंतर व्यायाम करून घेण्यासाठी एक फिजिओथेरपिस्ट बाई आठवड्यातून चार दिवस घरी येऊ लागल्या. बाई हसतमुख होत्या. गुडघा वाकवताना त्या काकांच्या चेहऱ्याकडे एकटक पाहत, चालताना दंडाला धरत, रात्री झोप लागली का याची चौकशी करीत आणि चार पावले अधिक पडली की "काका, आज छान चाललात!" असे म्हणत. महिनाभरात काका त्या येण्याआधी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसू लागले. मग रात्री दहानंतर बाईंच्या मोबाइलवर शायरी जाऊ लागली. उत्तर आले नाही, तेव्हा काकांनी ते लाजणे समजले. एके दिवशी त्यांनी साडी पुढे केली. दुसऱ्या दिवसापासून बाई आल्याच नाहीत. काका दुखावले, सून संकोचली आणि व्यायाम थांबल्याने गुडघा आखडू लागला.

संकेत चुकला कुठे? बाईंची प्रत्येक कृती तपासून पाहू. वेदना तोंडाने सांगण्याआधी चेहऱ्यावर उमटते, म्हणून चेहऱ्याकडे पाहावे लागते. तोल जाऊ नये म्हणून दंड धरावा लागतो. दुखणे रात्री वाढते का, हे झोपेवरून कळते. कौतुकाने रुग्णाला धीर येतो. मात्र एकटक पाहणे, स्पर्श, विचारपूस आणि स्तुती हीच चार चिन्हे प्रणयाचीही असतात. चिन्ह एकच, अर्थ दोन. त्यातून तीन वर्षांत ज्याच्या हाताला कोणी मायेने स्पर्श केलेला नाही, त्याला त्यातला हवाहवासा अर्थ आधी दिसावा, हे स्वाभाविक आहे.

ही चूक केवळ म्हातारपणाची नव्हे. १९८२ साली अँटोनिया ॲबी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्त्रीने एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी तरुण व तरुणी पाच मिनिटे गप्पा मारीत आणि दुसरी एक जोडी ते लपून पाहत असे. त्याच गप्पांत तरुणींना जो निव्वळ मोकळेपणा वाटला, त्यात तरुणांना आकर्षणाची छटा अधिक दिसली.

उलट बाजूनेही गफलत होते. ऐकू कमी येणारी व्यक्ती बोलणाऱ्याच्या जवळ सरकते, ओठांकडे टक लावते. समोरच्या स्त्रीला ती नको असलेली सलगी वाटू शकते. "मला कमी ऐकू येते" हे एक वाक्य आधीच सांगितले, तर हा गैरसमज टळतो.

मग ओळखावे कसे? एकट्या कृतीवरून नव्हे, तर तुलनेने. ही व्यक्ती इतरांशीही अशीच वागते का? बाई शेजारच्या आजींनाही असेच हसून बोलत होत्या. काम संपल्यावर ती आपणहून संपर्क ठेवते का? बाईंनी वेळ कळवण्यापलीकडे कधी संदेश पाठवला नव्हता. आपण एक पाऊल पुढे टाकल्यावर तीही टाकते का, की गप्प राहते, विषय बदलते? गप्प राहणे हा बहुधा नकारच असतो. तो लाज समजून पुढे जाणे, हीच काकांची खरी चूक होती.

ज्येष्ठ नागरिक संघातील बरोबरीच्या स्नेह्याविषयी ओढ वाटली, तर चहाला येण्याविषयी सरळ विचारावे आणि पहिला नकार अखेरचा मानावा. मात्र जिची रोजीरोटी आपल्या घरावर अवलंबून आहे, तिला विचारूच नये. तिला मोकळेपणाने "नाही" म्हणता येत नाही.

त्या घरात मुलाने बाईंची क्षमा मागितली आणि त्यांनी सुचवलेले दुसरे फिजिओथेरपिस्ट बोलावले. सुनेने हसू केले नाही. "बाबा, त्यांचे ते काम होते. पण तुम्हाला सोबत हवी आहे, हे आमच्या लक्षात यायला हवे होते," एवढेच ती म्हणाली. आता संध्याकाळी नातू आजोबांबरोबर पत्ते खेळतो.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. आयुष्यभर संयमाने वागलेली व्यक्ती अकस्मात अशी वागू लागली, चारचौघांचे भान सुटले, तर तो स्वभाव मानू नये. मेंदूच्या पुढच्या भागाला ग्रासणारा स्मृतिभ्रंश किंवा कंपवातावरील काही औषधे यांमुळेही असे घडते. औषध परस्पर बंद न करता, हा बदल केव्हापासून दिसतो ते लिहून ठेवावे आणि डॉक्टरांना सांगावे.