न भेटलेल्या सहकाऱ्याला वाढदिवसाचा मेसेज

तुम्ही पुण्यात, तुमचं बिलिंग बघणाऱ्या ताई नागपुरात. दोन वर्षांत भेट नाही. ग्रुपवर केकचा फोटो टाकलात, तर वीस 'हॅपी बर्थडे'मध्ये तो हरवतो. माझं मत सांगतो: वय, डीपी, घरचं काही काढू नका. तुम्हाला नीट माहीत आहे ते त्यांचं काम. त्यातली एकच गोष्ट लिहा, आणि वैयक्तिक पाठवा:

"ताई, वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा! मार्चमध्ये जीएसटीची दोन चुकलेली बिलं तुम्ही पकडलीत, म्हणून रिटर्न वेळेत गेला. लक्षात आहे. नागपूरला आलो की चहा नक्की."

इथेच थांबा. खाली "ती फाइल पाठवाल का?" जोडलंत, की शुभेच्छा फक्त निमित्त वाटतात.